विमान उडण्याआधीच ठरलेला आकडा

काळ्या पडद्यावर एक लाल विमान धावपट्टी सोडते आणि त्यासोबत एक आकडा वाढू लागतो. १.०० पट, १.०८, १.२३, १.६०. ज्याने १०० रुपये लावले आहेत त्याने १.६० वर बटण दाबले, तर हातात १६० रुपये येतात. बटण दाबण्याआधी विमान पडद्याबाहेर निघून गेले, तर शंभरच्या शंभर गेले. खेळ एवढाच. पत्ते नाहीत, फासे नाहीत, कौशल्य म्हणावे असे काही नाही. फक्त 'अजून थोडे थांबू की आता काढू' हा प्रश्न काही सेकंदांत सोडवायचा असतो.

'स्प्राइब' या कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या 'एव्हिएटर'ने हा प्रकार भारतात घरोघरी पोहोचवला. मूळ कल्पना मात्र बिटकॉइनच्या जगातली. २०१४ मध्ये 'मनीपॉट' नावाची एक साइट सुरू झाली, तीच पुढे 'बस्टाबिट' नावाने ओळखली गेली. तिथे विमान नव्हते, नुसती वर चढत जाणारी एक रेघ होती. ती तुटली की 'क्रॅश', म्हणून अशा सगळ्या खेळांना क्रॅश गेम म्हणतात.

हा खेळ पाहणाऱ्याच्या मनात पहिल्या दहा मिनिटांत एक संशय येतोच. सगळ्यांनी जास्त पैसे लावले की विमान लगेच पळते का? आपण मोठी रक्कम लावली, तेव्हाच १.०३ वर कसे काय गेले? पलीकडे बसलेले कोणी आपले पैसे बघून दोर कापते आहे का? या संशयाला साइटवाल्यांनी दिलेले उत्तर म्हणजे 'प्रूव्हेबली फेअर', म्हणजे निकाल प्रामाणिक होता हे ज्याचे त्याला पडताळून पाहता येईल अशी व्यवस्था. हे उत्तर खोटे नाही. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न फार छोटा आहे. खेळणारा 'फेअर' हा शब्द वाचतो आणि न विचारलेल्या दहा प्रश्नांची उत्तरेही मिळाली असे धरून चालतो.

या व्यवस्थेचा पाया आहे हॅश. कोणताही मजकूर एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढला की ठरावीक लांबीचा एक सांकेतिक आकडा बाहेर पडतो. यासाठी एसएचए-२५६ ही प्रक्रिया सर्रास वापरली जाते. तिच्यात एक अक्षर घाला की अख्खी कादंबरी, बाहेर येतो तो ६४ अक्षर-अंकांचाच हॅश. लिनक्स असलेल्या संगणकावर हे कोणालाही करून पाहता येते:

```
printf '%s' hello | sha256sum
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

printf '%s' Hello | sha256sum
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

फरक फक्त पहिल्या अक्षराचा, लहान लिपीतले की मोठ्या लिपीतले एवढाच, पण दोन्ही हॅशमध्ये काडीचे साम्य नाही. तोच मजकूर पुन्हा घातला तर मात्र जगातल्या कुठल्याही संगणकावर तोच हॅश येतो. आणि नुसता हॅश पाहून मूळ मजकूर काढण्याची वाट आजवर कोणाला सापडलेली नाही. एकेक मजकूर घालून पाहत बसणे एवढेच उरते. मूळ मजकूर पुरेसा लांब आणि यादृच्छिक असेल, तर त्याला विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही.

म्हणजे हॅश हे मोहोरबंद पाकीट झाले. निकाल आत लिहून पाकीट आधीच सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचे, खेळ झाला की फोडायचे. मोहोर तीच असेल, तर मधल्या काळात आतली चिठ्ठी बदललेली नाही हे सिद्ध होते.

बस्टाबिटने याची जी मांडणी केली, ती खरोखर सुंदर आहे. त्यांनी एक गुप्त मजकूर घेतला, त्याचा हॅश काढला, त्या हॅशचा पुन्हा हॅश काढला, मग त्याचाही हॅश. असे एक कोटी वेळा. तयार झाली एक कोटी कड्यांची साखळी. प्रत्येक कडी म्हणजे एका डावाचा निकाल. साखळीचे अगदी शेवटचे टोक त्यांनी जाहीर केले आणि डाव उलट्या क्रमाने खेळवायला सुरुवात केली: शेवटून पहिली कडी पहिल्या डावाला, त्याच्या मागची दुसऱ्या डावाला. डाव संपला की त्याची कडी उघड होते. तिचा हॅश काढला की आधीच्या डावाची कडी यायला हवी, त्याचा काढला की त्याच्याही आधीच्या डावाची. अशा रीतीने आजच्या डावापासून पहिल्या दिवशी जाहीर केलेल्या टोकापर्यंत कोणीही चालत जाऊ शकतो. मधली एक जरी कडी मालकाने बदलली, तरी तिथे साखळी तुटते. पुढच्या डावाची कडी मात्र खेळणाऱ्याला काढता येत नाही, कारण त्यासाठी हॅश उलटा फिरवावा लागेल.

इथे एक चोरवाट उरते, आणि ती बुजवली हे या मांडणीचे खरे श्रेय. समजा मालकाने एकच नव्हे, तर हजार साखळ्या तयार केल्या, सगळ्यांचे निकाल आधीच पाहिले आणि सुरुवातीच्या डावांत विमान लवकर पळणारी, म्हणजे आपल्या सोयीची साखळी निवडली, तर? मोहोर शाबूत राहील, पण चिठ्ठी निवडून घेतलेली असेल. म्हणून साखळीचे टोक आधी जाहीर झाले आणि त्यानंतर सांगण्यात आले की, प्रत्येक निकालात आणखी एक मजकूर मिसळला जाईल, तो म्हणजे बिटकॉइनच्या पुढे येणाऱ्या एका ठरावीक ब्लॉकचा हॅश. बस्टाबिटच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी ५०५७५० क्रमांकाचा ब्लॉक ठरला. तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो जगभरातल्या बिटकॉइन काढणाऱ्यांच्या यंत्रांतून यायचा होता. त्याचा हॅश काय असेल हे साइटच्या मालकाला आधी माहीत असणे शक्य नव्हते, म्हणून साखळी निवडून घेण्याचा फायदाच संपला. या मिसळलेल्या मजकुराला 'सॉल्ट' म्हणतात.

आता हॅशवरून विमान कुठे पळणार ते कसे ठरते? साखळीतली कडी आणि सॉल्ट एकत्र करून एक नवा हॅश काढतात. त्याची पहिली १३ अक्षरे घेतात. ही अक्षरे सोळाच्या पायावरची संख्या असते, तिचे शून्य ते एक यांच्यामधल्या अपूर्णांकात रूपांतर करतात आणि पुढचे सूत्र लावतात:

```
r = parseInt(hash.slice(0, 13), 16)
X = 99 / (1 - r / 2**52)
result = Math.max(1, Math.floor(X) / 100)
```

वर काढलेला hello चा हॅशच नमुन्यादाखल या सूत्रात घालू. खऱ्या डावात सॉल्ट मिसळलेला हॅश असतो, पण हिशेबाची रीत हीच. पहिली १३ अक्षरे 2cf24dba5fb0a. त्यांचा अपूर्णांक येतो सुमारे ०.१७५५७. एकातून तो वजा केला की ०.८२४४३ उरतात. ९९ ला त्याने भागले की १२०.०८. दशांश सोडून शंभराने भागले की निकाल १.२० पट. मोठ्या अक्षराच्या Hello चा निकाल याच रीतीने १.०९ येतो, आणि abc या तीन अक्षरांचा ३.६४.

बस्टाबिटमध्ये रेघ ज्या वेगाने वर जाते, त्या वेगाने १.२० ला पोहोचायला तीन सेकंद लागतात, दुप्पट व्हायला साडेअकरा सेकंद आणि दहापटीला अडतीस सेकंदांच्या वर. ही सगळी सेकंदे निव्वळ देखावा असतात. आकडा आधीच ठरलेला असतो, पडद्यावर तो फक्त हळूहळू उलगडतो. कोणी किती पैसे लावले, कोणी कधी काढले, याची सूत्रात कुठे जागाच नाही. 'माझे पैसे बघून विमान पळवले' हा संशय, पडताळणी नीट जुळत असेल तर, खरोखर निराधार ठरतो. एवढे श्रेय या पद्धतीला दिलेच पाहिजे.

पण त्याच सूत्रात ९९ बसला आहे. तो १०० नाही. सगळी गोम त्या एका आकड्यात आहे.

या सूत्रानुसार विमान दुप्पटपर्यंत टिकण्याची शक्यता ४९.५ टक्के आहे, दहापटीपर्यंत ९.९ टक्के, शंभरपटीपर्यंत एक टक्क्याहून किंचित कमी. १०० रुपये लावून दोनला काढायचे ठरवले, तर सरासरीने हातात येतात ९९. दहाला काढायचे ठरवले तरी ९९. शंभरला ठरवले तरी ९९. कुठे बटण दाबायचे याचे जे कसब खेळणाऱ्याला आपल्या अंगी आल्यासारखे वाटते, त्याने सरासरीत एका पैशाचाही फरक पडत नाही. त्यावर शंभरातले साधारण दोन डाव १.०० लाच संपतात, म्हणजे बटण दाबायला उसंतच मिळत नाही. एव्हिएटरमध्ये परतावा ९७ टक्के असल्याचे कंपनीच सांगते, म्हणजे तिथे मालकाचा वाटा तीन टक्के.

एक टक्का किंवा तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा वाटा खिशातल्या रकमेवर नसतो, लावलेल्या प्रत्येक रकमेवर असतो. मिनिटाला दोन डाव या गतीने कोणी रोज रात्री चार तास १०० रुपयांचे डाव खेळला, तर ४८० डाव होतात आणि ४८,००० रुपये फिरतात. तीन टक्क्यांनी रोजचे सरासरी १,४४० रुपये गेले. खिशात मुळात पाच हजारच असले तरी फिरलेली रक्कम अठ्ठेचाळीस हजारांची असते, आणि कापले जाते ते तिच्यावर.

या गळतीवर उपाय म्हणून व्हिडिओंतून हमखास शिकवली जाणारी युक्ती म्हणजे हरले की डाव दुप्पट करणे. १०० हरले की २०० लावा, ते हरले की ४००. एकदा जिंकलात की सगळे वसूल, वर १०० फायदा. हिशेब करून पाहू. दोनपटीला काढायचे, तर हरण्याची शक्यता ५०.५ टक्के. सलग दहा वेळा हरण्याची शक्यता साधारण ९२७ फेऱ्यांत एक. त्या एका फेरीत गेलेली रक्कम होते १,०२,३०० रुपये. उरलेल्या ९२६ फेऱ्यांत मिळून कमाई ९२,६००. म्हणजे ज्याच्याकडे लाखभर रुपये आहेत आणि जो नेमाने ही युक्ती वापरतो, त्याला बराच काळ ती चालते असेच दिसते, आणि एका संध्याकाळी सगळे साफ होते. पडताळणी करून पाहिली, तर तो सलग दहा हरांचा डावही शंभर टक्के प्रामाणिक निघेल. साखळी जुळेल, हॅश जुळेल, सूत्र जुळेल. पडताळणीने सिद्ध झालेली गोष्ट एवढीच की, ठरल्याप्रमाणेच हरवले गेले.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. निकाल बदललेला नाही हे हॅश सांगतो. निकाल आधीपासून कोणाला माहीत नव्हता, हे तो सांगत नाही. अख्खी साखळी मालकाच्या सर्व्हरवर पडलेली असते, आणि ज्याच्या हाती ती लागली त्याला पुढचे सगळे डाव पाठ असतात. असे घडलेलेही आहे. 'प्राइमडाइस' ही बिटकॉइनवर फासे खेळवणारी साइट. तिथे दर खेळणाऱ्याला सर्व्हरच्या गुप्त मजकुराचा, म्हणजे 'सर्व्हर सीड'चा हॅश आधी दाखवत आणि खेळणाऱ्याने सीड बदलले की जुने उघड करत. २०१४ मध्ये एका खेळणाऱ्याच्या लक्षात आले की, एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवल्या की सर्व्हर गोंधळतो आणि अजून वापरात असलेलेच सीड उघड करून बसतो. मग त्याला प्रत्येक फाशाचा निकाल आधी कळू लागला. साइटचे सुमारे २,४०० बिटकॉइन गेले, त्या वेळच्या भावाने जवळपास दहा लाख डॉलर. मालकांनी नंतर ही हकिगत स्वतः जाहीर केली. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या काळातला प्रत्येक डाव पडताळून पाहिला तर तो बरोबरच निघतो. फुटलेला होता तो निकाल, बदललेला नव्हता. इथे झळ मालकाला बसली. उद्या आतल्याच माणसाने साखळी पाहून खेळायचे ठरवले, तरी पडताळणीला त्याचा पत्ता लागणार नाही.

एव्हिएटरची पद्धत साखळीची नाही. तिथे प्रत्येक डावाला सर्व्हर एक नवे सीड घेतो, त्याचा हॅश आधी दाखवतो, आणि त्यात त्या डावात सर्वांत आधी पैसे लावणाऱ्या तीन खेळणाऱ्यांची सीड मिसळतो. चौघांच्या मजकुराचा मिळून हॅश काढून निकाल ठरतो. कल्पना चांगली आहे, कारण बाहेरच्यांची सीड काय असतील हे मालकाला आधी माहीत नसते. पण तिची ताकद त्या तिघांवर अवलंबून आहे. सर्व्हरचे सीड आणि पहिली दोन सीड ज्याला दिसतात, तोच जर तिसरा खेळणारा म्हणून उतरला, तर वेगवेगळी सीड घालून पाहत हवा तो निकाल येईपर्यंत थांबणे त्याला तत्त्वतः शक्य आहे. कोणी असे करते असा याचा अर्थ नाही. पण करत नाही हे हॅश जुळण्यावरून सिद्ध होत नाही, कारण ती तीन नावे खऱ्या माणसांची होती की नाही हे हॅशला कळत नाही. तीच गोष्ट पडद्याच्या कडेला सरकत राहणाऱ्या जिंकणाऱ्यांच्या यादीची. त्या यादीला कुठलाही हॅश जोडलेला नसतो.

मग पैशांचे काय? आपण १.६० वर बटण दाबले, पण ते सर्व्हरपर्यंत पोहोचेतो विमान गेले होते असे साइट म्हणाली, तर खरेखोटे करण्याचे साधन पडताळणीत नाही. जिंकलेले ४०,००० काढायला गेल्यावर 'आधी १०,००० करापोटी भरा' असा निरोप आला, तर त्याबाबतीतही ती काही बोलत नाही. ती फक्त एका आकड्याची साक्षीदार आहे, पाकिटातल्या रोकड्याची नव्हे.

आणि सर्वांत जास्त फसवणूक होते ती साध्या नकलेत. हुबेहूब विमान, हुबेहूब रंग, आणि कोपऱ्यात 'पडताळा' असे हिरवे बटण. ते दाबले की 'निकाल योग्य' अशी बरोबरची खूण येते. हे बटण त्याच साइटचे आहे, ते काय दाखवेल हे साइटच ठरवते. पडताळणीला अर्थ येतो तो तीन गोष्टी जुळल्या तर. सर्व्हरच्या सीडचा हॅश डाव सुरू होण्याआधी दिसला पाहिजे आणि खेळणाऱ्याने तो स्वतः उतरवून ठेवला पाहिजे. डावानंतर उघड झालेल्या सीडचा हॅश वेगळ्या साधनाने, आपल्या संगणकावर, काढला पाहिजे. आणि हॅशवरून आकडा काढण्याचे सूत्र जाहीर असले पाहिजे. इथे किरकोळ चुकाही होतात: सीड चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा किंवा नवी ओळ आली, तरी हॅश पूर्ण बदलतो, म्हणून न जुळल्यास आधी ते तपासायचे. हॅश डावानंतरच दाखवला जात असेल, तर जुळले काय नि न जुळले काय, सारखेच. खेळ झाल्यावर लिहिलेल्या चिठ्ठीला मोहोर लावण्यात काहीच अवघड नसते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट ठामपणे सिद्ध होते, आणि ती मराठी वाचकाच्या रोजच्या कामाची आहे. टेलिग्रामवर एव्हिएटरचे 'प्रेडिक्टर' विकणारे गट आहेत. पुढचे विमान किती पटीला जाणार हे सांगणारे ॲप म्हणे, पाचशे, हजार रुपयांत. खेळ ठरल्याप्रमाणे चालत असेल, तर मागच्या हजार डावांवरून पुढचा डाव काढणे म्हणजे हॅश उलटा फिरवणे, आणि ते जमणारा माणूस टेलिग्रामवर पाचशे रुपयांना ॲप विकत बसणार नाही. खेळ ठरल्याप्रमाणे चालत नसेल, तर तो त्याच्या मालकाच्या मर्जीने चालतो, आणि मग ॲपचाही उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी प्रेडिक्टर खोटाच ठरतो. 'पाच डाव लवकर गेले, आता मोठा येणार' हा मनाचा अंदाजही त्याच जातीचा. प्रत्येक कडीचा निकाल स्वतंत्र असतो, मागचा डाव पुढच्याला काही सांगत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हॅश जुळतो की नाही, याचा या कायद्याशी काहीही संबंध नाही.

म्हणून ज्यांचे पैसे अशा नकली ॲपमध्ये, 'आधी कर भरा'च्या निरोपात किंवा प्रेडिक्टरच्या नादात अडकले असतील, त्यांनी आपणही गुन्हेगार ठरू या भीतीने गप्प बसू नये. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करावा, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पहिल्या काही तासांत तक्रार गेली, तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.